एकशे चार नंबरची मशीन

मयुरा लांजेवारला माणसं आवडत नसत, असं तिच्या पाठीमागे ऑफिसात बोललं जाई. ते तितकंसं खरं नव्हतं. तिला अर्धवट येणारी माणसं आवडत नसत, आणि तिच्या मते अख्ख्या नागपुरात दुसऱ्या प्रकारची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यातलं एक बोट ती स्वतःसाठी राखून ठेवी.

मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत ती सात वर्षं हेल्पडेस्कवर होती. हेल्पडेस्क म्हणजे कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांची नालायकी ऐकायची जागा. "मॅडम, माझा पासवर्ड चालूनच नाही राहिला." "कॅप्स लॉक पाहा सर." मग पलीकडे एक ओशाळं हसू, मग फोन बंद. आभार मानायची पद्धत त्या मजल्यावर नव्हती. वरच्या मजल्यावर सर्व्हर सांभाळणारी टीम बसे. त्यांच्या दाराला कार्ड लावावं लागे, आणि मयुराचं कार्ड त्या दारावर लाल दिवा दाखवी. सात वर्षांत तिला एवढंच हवं होतं, की तो दिवा एकदा हिरवा व्हावा.

आता सर्व्हरचं काम शिकायचं कुठे? सीताबर्डीत त्यासाठी क्लासेस होते. मयुरा एका क्लासला डेमो लेक्चरसाठी जाऊन आली. तिथल्या सरांनी दीड तास पडद्यावर ढगांची चित्रं दाखवली आणि 'व्हर्च्युअलायझेशन हेच भविष्य आहे' हे वाक्य चार वेळा म्हटलं. मयुराने विचारलं, "सर, एक व्हर्च्युअल मशीन बनवून दाखवता का?" सर म्हणाले, तो भाग तिसऱ्या महिन्यात येतो. मयुरा त्याच पावली उठून आली. ज्याला पोळी लाटता येत नाही तोच गव्हाच्या इतिहासावर बोलतो, असं तिचं मत झालं, आणि ते तिने जिन्यात भेटलेल्या दोन पोरींना फुकटात ऐकवलं.

कम्प्युटर तिला वडिलांनी आणून दिला. मारोतराव लांजेवार लकडगंजच्या एका आरागिरणीत तीस वर्षं मुनीम होते. गिरणीच्या ऑफिसातला जुना कम्प्युटर शेठ भंगारात काढत होता, तो मारोतरावांनी स्कूटरच्या पायाशी उभा ठेवून नंदनवनच्या घरी आणला. मयुराने अंगणात त्याचा पत्रा उघडला तर आत सागवानाचा भुसा. पंख्याच्या पात्यांवर भुसा, मेमरीच्या खाचांत भुसा, सगळीकडे भुसाच. ब्लोअर लावल्यावर जो लोट उडाला त्याने वाळत घातलेले पापड धुवायच्या लायकीचे झाले, आणि पापड काही धुता येत नाहीत. आईने दोन दिवस अबोला धरला.

यंत्र दहा-बारा वर्षांचं होतं, पण प्रोसेसर आय-फाइव्ह आणि हार्ड डिस्क पाचशे जीबीची. मेमरी आठ जीबी होती, ती मयुराने जुन्या मालाच्या दुकानातून सोळा केली. मग पेनड्राइव्हवरून त्यात प्रॉक्समॉक्स टाकलं. हे एकदा टाकलं, की त्या एका कम्प्युटरच्या पोटात अनेक कम्प्युटर मांडता येतात. प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र आहोत, प्रत्येकाची आपली मेमरी, आपली डिस्क, आणि खाली सगळे एकाच लोखंडावर जगतात. टाकताना त्याने मशीनचं नाव विचारलं. मयुराने नाव दिलं 'आरा'.

मारोतराव चष्मा लावून पाहायला आले. पडद्यावर काळ्या पाटीवर दोन ओळी आणि एक पत्ता.

"एवढ्यासाठी पापड गेले काय वं?"

"बाबा, याच्या पडद्यावर काही नसतंच. तो पत्ता लॅपटॉपवर उघडायचा अन् तिथून चालवायचं."

"म्हणजे एक कम्प्युटर चालवाले दुसरा कम्प्युटर लागते."

"हो."

"अन् त्याच्यात अजून चार राहतीन."

"हो बाबा."

"आमच्या शेठले सांगतो," मारोतराव म्हणाले, "त्याले वाटे याच्यात चार कारकुनांचं कामही होत नव्हतं."

पहिली मशीन सुरू करायला गेली तर ती सुरूच होईना. लाल अक्षरांत चूक आली, की केव्हीएम उपलब्ध नाही, बायोसमध्ये चालू करा. केव्हीएम हा लिनक्सच्या गाभ्यातला भाग. तो प्रोसेसरच्या खास सोयीवर चालतो, आणि ती सोय त्या यंत्रात जन्मापासून बंदच होती. आरागिरणीत ती कोण चालू करणार! मयुराने यंत्र पुन्हा सुरू केलं, बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये शिरली, ते एक कलम 'चालू' केलं आणि परत आली. मशीन उभी राहिली. दीड तास ढग दाखवणाऱ्या सरांना हे कलम कुठे असतं ते ठाऊक नसणार, या विचाराने तिला त्या रात्री फार छान झोप लागली.

वर्षभरात आरावर तिचा छोटा संसार थाटला गेला. एकशे एक नंबरवर विंडोज सर्व्हर, त्यात लोकांची खाती आणि पासवर्ड. एकशे दोनवर वेबसाइट. एकशे तीनवर डेटाबेस. ती मुद्दाम मोडायची आणि दुरुस्त करायची. मोडायच्या आधी स्नॅपशॉट घ्यायची, म्हणजे त्या क्षणाची खूण. बिघडलं तर त्या खुणेवर परत जायचं. दर वेळी आत शिरताना प्रॉक्समॉक्स आठवण करून देई, की तुम्ही वर्गणी भरलेली नाही. दर वेळी मयुरा ती पाटी न वाचता बंद करी. पाट्या घाबरटांसाठी असतात, असं तिचं आणखी एक मत होतं.

मग एप्रिलात नोटीस लागली. वरच्या टीममध्ये एक जागा, आणि ती आतल्याच माणसातून भरायची. टीमच्या प्रमुख गुंजन भोयर यांनी खाली एक ओळ स्वतः घातली होती: 'प्रमाणपत्रं आणू नका. स्वतःच्या घरची लॅब चालू स्थितीत दाखवा.' मयुराने ती ओळ वाचली आणि पहिल्यांदाच तिला वरच्या मजल्यावर कोणीतरी शहाणं बसलंय असं वाटलं.

अर्ज दोघांचेच आले. दुसरा अर्ज सौरव देवतळेचा.

सौरव तिच्या शेजारच्याच खुर्चीवर बसे. त्याच्याकडे अकरा प्रमाणपत्रं होती आणि ती तो ईमेलच्या सहीखाली रांगेने लावत असे, बाजारात वांगी लावावीत तशी. तो जगातले सगळे कोर्स डाउनलोड करी. ते तो बघे का, हा वेगळा प्रश्न. त्याने एकदा पंधरा मिनिटं प्रिंटर का चालत नाही म्हणून डोकं खाल्लं होतं आणि शेवटी प्रिंटरची वायर पंख्याच्या बोर्डात सापडली होती. मयुराच्या हाताच्या बोटांत त्याला जागा नव्हती.

तोच सौरव चहाच्या टपरीवर तिच्याजवळ आला.

"मयुरा, यार, माझ्याकडे तर लॅपटॉपही कंपनीचाच आहे. घरी काय दाखवू? तुझ्या आरावर मले एक मशीन दे ना. थोडी प्रॅक्टिस करतो. तुले काय फरक पडते?"

कोणीही सरळ नाही म्हणालं असतं. समोरच्याला एकाच जागेसाठी आपल्याशी झुंजायचं आहे, त्याला आपल्याच तालमीची किल्ली कोण देतं? पण मयुराला त्या मागणीची भलतीच मजा वाटली. याच्याच्याने काय होणार आहे! त्याने आरावर येऊन धडपडावं आणि ते आपण बसून पाहावं, यापेक्षा चांगली करमणूक नागपूरच्या मे महिन्यात मिळणार नव्हती.

"घे," ती म्हणाली. "किती जागा पाहिजे?"

"थोडीशी दे."

"दोनशे जीबी देते जा. तुझ्याच्यानं पाच पण नाही भरणार."

तिने सौरवच्या नावाचं खातं बनवलं, त्याला फक्त एकशे चार नंबरची मशीन दिसेल एवढाच अधिकार दिला, आणि घराबाहेरून आत येण्यासाठी व्हीपीएन लावून दिलं. दोनशे जीबीची डिस्क बनवताना यंत्राने इशारा छापला, की वाटलेल्या डिस्कांची बेरीज आता मूळ साठ्यापेक्षा जास्त झाली आहे. आरावरच्या डिस्का अशा असतात, की सांगायला दोनशे, पण जेवढं लिहाल तेवढीच जागा खातात. साडेतीनशे माणसांचा स्वयंपाक आणि चारशे जणांना आवतण. सगळे एकदम येत नाहीत, म्हणून निभतं. मयुराला हे पक्कं ठाऊक होतं. इशाऱ्याकडे तिने वर्गणीच्या पाटीसारखंच पाहिलं, म्हणजे पाहिलंच नाही.

पहिले चार दिवस ती रोज सौरवच्या मशीनचा आलेख उघडून पाही. प्रोसेसर एक टक्का, दोन टक्के. काहीच नाही. तिने एकदा आईला बोलावून दाखवलं, "हे पाय, वरच्या मजल्यावर जाणारे साहेब." आईला त्यात एक सपाट रेघ दिसली. मग मयुराने पाहणं सोडून दिलं. शून्य काय रोज पाहायचं?

त्या आठवड्यात मारोतराव मात्र दोनदा चिडले. मॅच अडकत होती. "आपलं इंटरनेट कोण पिऊन राहिलं वं?" मयुराने इंटरनेटवाल्याला शिव्या घातल्या, आणि तीही चांगली लांब यादी होती.

सौरवची मुलाखत शुक्रवारी झाली, मयुराची शनिवारी अकरा वाजता. घरूनच, व्हिडिओवर. मयुराने ऑफिसचा कुर्ता घातला, दार लावून घेतलं आणि कूलर बंद केला, कारण त्याच्या घरघरीत बोलणं ऐकू जात नसे. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकला होता. पडद्यावर गुंजन मॅडम, त्यांच्या शेजारी टीममधले आणखी एक गृहस्थ आणि एचआरची एक मुलगी. गुंजन मॅडमचे केस पिकलेले होते आणि त्या कमी बोलत.

सुरुवात झकास झाली. मयुराने स्क्रीन दाखवली, एकेक मशीन कशासाठी ते सांगितलं. डावीकडच्या यादीत 'आरा' हे नाव दिसलं तेव्हा गुंजन मॅडम जरा पुढे झुकल्या.

"डेटाबेसमध्ये दहा जीबी खोटी माहिती भरा," त्या म्हणाल्या. "भार आला की मशीन कशी वागते ते पाहू."

मयुराने भरायला सुरुवात केली. दोन मिनिटं ठीक चाललं. तिसऱ्या मिनिटाला एकशे तीनवर पिवळा त्रिकोण आला. मशीन थिजली. मग एकशे एकवरही तोच त्रिकोण. मयुराच्या मानेवरून घाम उतरला, आणि तो नुसता कूलर बंद असल्याचा नव्हता.

तिने साठ्याचा आकडा उघडला. शंभर टक्के.

"भरलंय," ती म्हणाली. "सगळा साठा भरलाय. म्हणून लिहिणाऱ्या मशीन थांबल्यात."

"कोणी भरला?" गुंजन मॅडमने विचारलं.

मयुराने आज्ञा टाकली आणि डिस्कांची यादी समोर आली. एकशे एक, दोन, तीन, सगळ्या आपापल्या मर्यादेत. एकशे चार: दोनशेपैकी अठ्ठ्याण्णव टक्के.

"हे एकशे चार काय आहे?"

मयुरा गप्प राहिली नाही. खोटं बोलणाऱ्यांचा तिला अर्धवटांपेक्षाही जास्त तिटकारा होता. "ती मशीन माझी नाही मॅडम. सौरवची आहे. प्रॅक्टिसला मागितली होती, मी दिली. त्यात त्याने काय भरलंय ते मला दिसत नाही, पण मला अंदाज आहे. कोर्स भरले असतील. माझ्या घरचं इंटरनेट अमर्याद आहे ना."

व्हिडिओवर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काल सौरवनं आम्हाला हीच आरा दाखवली. स्वतःची म्हणून."

मयुराने प्रॉक्समॉक्समधली कामांची नोंद उघडली. सौरवच्या नावाने मशीन सुरू केल्याच्या वेळा आणि तारखा एकाखाली एक दिसत होत्या. त्याच्या खात्याच्या अधिकारांचं पान उघडलं. एक मशीन, बाकी काही नाही. "ज्याची आरा असते त्याला सगळं दिसतं," ती म्हणाली. "त्याला काल एकच मशीन दिसली असेल. तुम्ही त्याला बाकीच्या उघडायला सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं होतं," गुंजन मॅडम म्हणाल्या. "तो म्हणाला, बाकीच्या बंद करून ठेवल्या आहेत."

बंद मशीनही यादीत दिसतेच, हे त्याला ठाऊक नव्हतं. मयुरा हसली. खुद्द आईने कधी पाहिलं नसेल इतकं मोकळं हसली. मग कामाला लागली. विंडोज मशीनचे तीन जुने स्नॅपशॉट पुसून टाकले, अठरा जीबी मोकळे झाले. थिजलेल्या दोन्ही मशीन पुन्हा चालू केल्या. डेटाबेस जिथे थांबला होता तिथून पुढे लिहू लागला. एक ओळ हरवली नव्हती. तिने तेही मोजून दाखवलं. सगळं मिळून सहा मिनिटं. एवढ्या वेळात सौरवला प्रिंटरचा बोर्ड सापडला नसता, असं तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने मोठ्या मुश्किलीने गिळलं.

"छान," शेजारचे गृहस्थ म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

मयुराला आता ती जागा समोर दिसत होती. कार्ड, दार, हिरवा दिवा. वर गेल्यावर खाली वाकून कोणाला काय बोलायचं, हेही तिचं ठरत आलं होतं.

"मयुरा, एक विचारू?" गुंजन मॅडम म्हणाल्या. "तुझ्याच जागेसाठी अर्ज केलेल्या माणसाला तू आत घेतलंस. काहून?"

प्रश्न साधा होता. मयुराने खरं उत्तर दिलं, कारण तिला दुसरं देता येत नव्हतं.

"त्याच्याच्यानं काही होईल असं वाटलं नाही मॅडम."

"मग नजर ठेवली होती?"

"चार दिवस ठेवली. मग..."

"मग?"

"काय ठेवायची, असं वाटलं."

गुंजन मॅडमने पेन टेबलावर ठेवलं. "आमच्याकडे तेवीसशे लोकांची खाती आहेत. त्यातले अर्धे तुला मूर्ख वाटतील. मलाही वाटतात. पण मी त्यांना दोनशे जीबी देत नाही, मी मर्यादा घालते आणि रोज पाहते. जो हुशार वाटतो त्याच्यावर सगळेच लक्ष ठेवतात गं. तुझी लॅब तुझ्या चुकीनं पडली नाही, तुझ्या तोऱ्यानं पडली. दुरुस्ती तुला आमच्यापेक्षा चांगली येते. चाव्या मी तुझ्या हातात देऊ शकत नाही."

सौरवला जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जागा बाहेरून भरायची ठरलं. एचआरच्या मुलीने हे सगळं गोड आवाजात सांगितलं आणि शेवटी 'शिकत राहा' असंही म्हटलं. मयुराने लॅपटॉप मिटला नाही.

सौरववर ती मनातल्या मनात बरसली. चोर, भिकारचोट, वायर न लावणारा. पण शिव्या नेहमीसारख्या बसेनात. त्याने चोरी केली ती केली, पण किल्ली त्याने चोरली नव्हती. ती तिने स्वतःच्या हाताने दिली होती, वर करमणूक होईल म्हणून. मग ती गुंजन मॅडमवर बरसून पाहिली, तेही जमलं नाही. ती बाई बरोबर बोलली होती, आणि बरोबर बोलणाऱ्यांबद्दल वाईट बोलायची सवय मयुराला नव्हती. उरली ती एकटीच. स्वतःचा तिटकारा तिला पहिल्यांदाच आला, आणि तो दुसऱ्यांच्या तिटकाऱ्यासारखा मुळीच चविष्ट नव्हता.

तिने एकशे चार काढून टाकायचं बटण दाबलं. यंत्राने खात्रीसाठी मशीनचा नंबर टाइप करायला सांगितला. ही पाटी तिने आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली, मग आकडे टाकले. साठ्याचा आकडा चाळीस टक्क्यांच्या घरात उतरला.

मारोतरावांनी दार ढकललं. खोलीत भट्टी पेटल्यासारखं गरम होतं. त्यांनी आधी कूलर सुरू केला.

"काय म्हणे?"

"नाही म्हणे."

"कोणानं घोळ केला वं आता?"

हा घरातला नेहमीचा प्रश्न होता. दर वेळी मयुराकडे एक नाव तयार असे, आणि त्या नावाचा उद्धार ऐकत मारोतराव चहा पीत. आजही ते खुर्ची ओढून बसले आणि वाट पाहू लागले. मयुराने तोंड उघडलं. सौरवचं नाव जिभेवर आलं होतं.

"मी केला बाबा," ती म्हणाली.

मारोतराव उठले आणि चहा सांगायला आत गेले.